युरिया, युरिक ॲसिड आणि एक फसवा भागाकार: लॅबमध्ये नव्याने लागलेल्यांसाठी

युरिया ९५, क्रिएटिनिन १.६. रेशो किती?

डीएमएलटी करून नुकत्याच लॅबला लागलेल्या पोराला हे विचारलं, की तो मोबाईलवर भागाकार करून सांगतो, "एकोणसाठ." भागाकार बरोबर आहे. पण लगेच त्याला पुस्तकातलं वाक्य आठवतं, वीसच्या वर रेशो म्हणजे किडनीला रक्तपुरवठा कमी पडतोय, आणि एकोणसाठ बघून तो दचकतो. घोळ इथेच आहे. पुस्तकातला तो वीस युरियाचा नाहीच, बीयूएनचा, म्हणजे युरियातल्या फक्त नायट्रोजनचा आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक रिपोर्टांवर छापलेला असतो तो ब्लड युरिया. हा फरक कळेपर्यंत रेशो काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र भागाकाराच्या आधी वरचा आकडा खरा असावा लागतो. म्हणून एकाच पेशंटचं सॅम्पल धरून सुरुवातीपासून जाऊ. शिरोळकडचे साठीतले एक शेतकरी. मे महिना, दोन दिवस जुलाब-उलट्या, तोंड कोरडं, लघवी कमी. बीपीची गोळी चालू आहे आणि तिच्यात लघवी वाढवणारं थायझाइड जातीचं औषध आहे. डॉक्टरांनी शुगर, युरिया, क्रिएटिनिन आणि युरिक ॲसिड लिहून दिलंय. आकडे मी समजावण्यासाठी बेतलेत, पण असा माणूस उन्हाळ्यात कोल्हापुरातल्या कुठल्याही लॅबच्या बाकावर बसलेला दिसेल. खाली दिलेली मापं छोट्या लॅबमधल्या सेमी-ऑटो मशीनची आहेत. तुमच्या किटच्या डब्यातला कागद काही वेगळं सांगत असेल, तर कागदाचं ऐका.

आधी बल्ब

या पेशंटचे दोन बल्ब भरले जातात. शुगरसाठी राखाडी झाकणाचा फ्लोराइड बल्ब, बाकी सगळ्यासाठी लाल झाकणाचा प्लेन बल्ब. प्लेन बल्बमधलं रक्त अर्धा तास उभं ठेवून नीट गोठू द्यायचं, मग सेंट्रीफ्यूजला ३००० आरपीएमवर दहा मिनिटं फिरवून वरचं सीरम वेगळं काढायचं. गोठण्याआधीच घाई करून फिरवलं, तर सीरममध्ये नंतर फायब्रिनचे धागे धरतात. ते टिपमध्ये अडकले की पिपेट दहा मायक्रोलिटरऐवजी सहा-सातच उचलतं आणि मशीनला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता नेहमीचा मोह. पेशंट सुकलेला, शीर सापडत नाही, प्लेन बल्बमध्ये रक्त जेमतेम आलंय आणि सीरम संपत आलंय. शेजारी फ्लोराइड बल्बमध्ये शुगर लावून उरलेला प्लाझ्मा छान स्वच्छ दिसतोय. युरियाला तोच लावला तर काय बिघडलं?

बिघडतं ते असं. फ्लोराइड त्या बल्बमध्ये घातलेलंच असतं एन्झाइम अडवायला. लाल पेशी साखर खात राहू नयेत म्हणून ते त्यांच्या साखर मोडणाऱ्या साखळीतलं एक एन्झाइम बंद पाडतं. युरियाची टेस्ट मात्र दुसऱ्या एका एन्झाइमच्या जिवावर चालते, ते म्हणजे युरिएज. युरिएजच्या कामाच्या जागी निकेल धातूचे अणू असतात, आणि फ्लोराइड नेमकं त्या निकेलला जाऊन चिकटतं. रिॲक्शन मंदावते, युरिया खोटा कमी येतो. किती कमी, हे बल्बमध्ये रक्त किती भरलंय आणि किट कुठलं आहे त्यावर ठरतं. बल्ब अर्धाच भरला असेल तर फ्लोराइडचं प्रमाण दुप्पट होतं आणि मार जास्त बसतो. आकडा शून्याकडे गेला असता तर कुणाला तरी शंका आली असती. तो थोडा कमी येतो, म्हणूनच फसवतो.

पीटीच्या निळ्या बल्बचा सायट्रेट प्लाझ्मा याच कारणासाठी नको, शिवाय त्यात रक्त पातळ झालेलं असतं. हेपरिनचा बल्ब चालतो, पण त्यावर अमोनियम हेपरिन लिहिलंय का ते वाचा. युरियाच्या टेस्टमध्ये आपण शेवटी अमोनियाच मोजतो, आणि तो बल्बमध्येच घातलेला असेल तर युरिया खोटा वाढणार.

युरिया: घड्याळाची टेस्ट

युरिएज युरियाचे दोन तुकडे अमोनिया आणि एक तुकडा कार्बन डायऑक्साइड करतं. अमोनिया थेट दिसत नाही, म्हणून किटमध्ये दुसरं एन्झाइम असतं, ग्लुटामेट डीहायड्रोजिनेज, लॅबच्या भाषेत जीएलडीएच. ते अमोनिया घेऊन ग्लुटामेट बनवतं आणि ते करताना एनएडीएच खर्च करतं. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतं, त्याचं झालेलं एनएडी शोषत नाही. म्हणजे युरिया जितका जास्त, तितकं ॲब्सॉर्बन्स भराभर खाली येणार. नव्या माणसाला हे उलटं वाटतं, कारण बाकीच्या टेस्टमध्ये रंग चढतो. इथे डोळ्यांना काहीच दिसत नाही. क्युव्हेट सुरुवातीलाही पाण्यासारखी आणि शेवटीही पाण्यासारखी.

युरिएज येतं जॅक बीनमधून, आपल्या अबईच्या शेंगेच्या कुळातल्या एका घेवड्यातून. १९२६ साली जेम्स समनर यांनी त्याच घेवड्यातून युरिएजचे स्फटिक मिळवले. स्फटिकरूपात हाती आलेलं ते पहिलं एन्झाइम, आणि त्यासाठी त्यांना १९४६ मध्ये नोबेल मिळालं.

टेस्ट लावताना आधी रिएजंट फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मशीनचा इनक्युबेटर ३७ अंशांवर स्थिरावू द्या. लाईट जाऊन नुकतीच आली असेल तर स्क्रीनवर ३७ दिसल्याशिवाय हात घालू नका. ही वेगाची टेस्ट आहे, आणि गार रिएजंटमध्ये एन्झाइमचा वेगच कमी असतो. स्टँडर्ड गरम रिएजंटमध्ये आणि पेशंट गार रिएजंटमध्ये लावला, तर हिशेब चुकलाच म्हणून समजा.

मशीनवर मोड `Fixed Time`, वेव्हलेंग्थ ३४०. ट्यूबमध्ये १००० मायक्रोलिटर रिएजंट घ्या, १० मायक्रोलिटर सीरम घाला, टिपच्या बाहेर चिकटलेला थेंब टिश्यूने पुसूनच घाला, लगेच मिसळा आणि मशीनला ॲस्पिरेट करू द्या. मशीन पहिली ३० सेकंदं नुसतं थांबतं. मग पहिलं रीडिंग घेतं, त्यानंतर ६० सेकंदांनी दुसरं. आकडा ठरतो तो या दोन रीडिंगांच्या फरकावरून.

ती ३० सेकंदं वाया जात नाहीत. सीरममध्ये आधीपासून असलेला थोडा अमोनिया आणि एनएडीएच खाणाऱ्या इतर बारीकसारीक गोष्टी त्या वेळात उरकतात. म्हणून मिसळणं आणि ॲस्पिरेट करणं यात दर वेळी सारखाच वेळ गेला पाहिजे. कुणी दहा ट्यूबमध्ये एकदम सीरम घालून ठेवतो आणि मग एकेक ट्यूब मशीनला देतो. या टेस्टला ते चालत नाही. दहाव्या ट्यूबची पाळी येईपर्यंत तिच्यातली रिॲक्शन बरीच पुढे गेलेली असते आणि उरलेला वेग कमी दिसतो. एक ट्यूब, एक सॅम्पल, एक रीडिंग, मग पुढचा पेशंट.

आपल्या पेशंटचा हिशेब असा झाला. सीरमऐवजी डिस्टिल्ड वॉटर घालून लावलेला ब्लँक एका मिनिटात ०.००४ ने उतरला. ४० मिलिग्रॅमचा स्टँडर्ड ०.१२४ ने उतरला आणि पेशंट ०.२८९ ने.

```
स्टँडर्ड : ०.१२४ − ०.००४ = ०.१२०
पेशंट    : ०.२८९ − ०.००४ = ०.२८५
युरिया   : ०.२८५ ÷ ०.१२० × ४० = ९५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर
```

मशीन हे सगळं स्वतः करतं आणि फक्त ९५ दाखवतं. तरी नव्या माणसाने पहिले काही दिवस कच्ची रीडिंगं बघायची सवय लावावी, कारण दोन गोष्टी तिथेच पकडता येतात. एक म्हणजे रिएजंट म्हातारं झालंय का. नुसत्या रिएजंटचं ३४० वरचं ॲब्सॉर्बन्स एकच्या बऱ्यापैकी वर असायला हवं. ते खाली घसरलं असेल तर एनएडीएच बाटलीतच संपत आलंय. अशी बाटली टाकून द्या, "आजचा दिवस काढू" म्हणू नका.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची आहे. डायलिसिसवरच्या पेशंटचा युरिया तीनशेच्या पुढेही जातो. तेव्हा क्युव्हेटमध्ये इतका अमोनिया सुटतो, की पहिल्या रीडिंगच्या आतच बरंचसं एनएडीएच फस्त होतं. मग पुढच्या मिनिटात उतरायला काही उरतच नाही, फरक छोटा येतो, आणि मशीन खुशाल ७० किंवा ८० छापतं. अंतिम आकड्यावरून हे कळत नाही, पहिल्या रीडिंगवरून कळतं. नेहमी ते १.३ किंवा १.४ च्या आसपास सुरू होतं आणि या सॅम्पलचं ०.५ पासूनच सुरू झालं, तर सीरम नॉर्मल सलाइनने पातळ करा. एक भाग सीरमला दोन भाग सलाइन, पुन्हा लावा आणि उत्तराला तीनने गुणा. आकडा मग किटच्या मर्यादेत बसला की तो रिपोर्टवर जाईल.

अमोनियाबद्दल आणखी थोडं. युरियाची टेस्ट जिथे लावता त्याच टेबलावर लघवीची उघडी डबी ठेवू नका. शिळ्या लघवीत जंतू युरिया फोडून अमोनिया करतातच, आणि तो हवेतून रिएजंटपर्यंत पोहोचतो. अमोनियाच्या क्लीनरने फरशी पुसत असतील तर तो बदलायला सांगा. काही लॅबमध्ये अजून बर्थेलॉट पद्धतीचं हिरव्या रंगाचं किट वापरतात. ते एंड पॉइंटचं असल्यामुळे बाहेरून आलेला सगळा अमोनिया मोजून टाकतं, म्हणून तिथे हे पथ्य दुप्पट पाळावं लागतं.

युरिक ॲसिड: रंगाची टेस्ट

इथे घाई नाही. युरिकेज एन्झाइम युरिक ॲसिडचं ॲलँटॉइन करतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. पेरॉक्सिडेज ते पेरॉक्साइड वापरून रिएजंटमधली दोन रंगहीन रसायनं जोडतं आणि गुलाबी-लाल रंग धरतो. माणसाच्या शरीरात युरिकेज नसतं. त्याचं जनुक आपल्यात आहे, पण बंद पडलेलं. बहुतेक सस्तन प्राण्यांत ते चालू असतं, म्हणून त्यांच्यात हे ॲसिड असं साठत नाही, आपल्यात साठतं.

मोड `End Point`, वेव्हलेंग्थ किटप्रमाणे साधारण ५०५ ते ५४६ च्या दरम्यान. १००० मायक्रोलिटर रिएजंटमध्ये २५ मायक्रोलिटर सीरम, मिसळा, ३७ अंशांवर पाच मिनिटं. रिॲक्शन पूर्ण होऊन थांबते, त्यामुळे इथे दहा ट्यूब एकदम लावून ओळीने वाचल्या तरी चालतात. किटने रंग टिकण्याची जी वेळ दिली असेल, तेवढ्यात वाचून संपवा.

६ मिलिग्रॅमचा स्टँडर्ड ब्लँक वजा जाता ०.१८० आला, पेशंट ०.२७३.

```
युरिक ॲसिड : ०.२७३ ÷ ०.१८० × ६ = ९.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर
```

पुरुषांची नेहमीची वरची मर्यादा सातच्या आसपास धरतात, म्हणजे हा आकडा वाढलेलाच आहे. तो कसा वाचायचा ते पुढे बघू. त्याआधी, हा आकडा खोटा कमी कधी येतो ते बघा. रंग पेरॉक्साइडवर उभा आहे. सॅम्पलमध्ये ते पेरॉक्साइड आधीच गिळणारं काही असेल तर रंग कमी धरतो. सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे व्हिटॅमिन सी, विशेषतः सलाइनमधून मोठ्या डोसमध्ये दिलेलं. चांगल्या किटमध्ये ते मोडणारं एन्झाइम घातलेलं असतं, पण त्यालाही मर्यादा आहे. कावीळ असलेल्या पिवळ्याधमक सीरममध्येही आकडा खाली ओढला जातो. रिएजंटची बाटली उघडल्यावर ते आधीच गुलाबी दिसत असेल, तर ब्लँक वाढलेला येतो. असं रिएजंट वापरू नये.

एक गोष्ट कॅन्सर वॉर्डातून सॅम्पल येणाऱ्या लॅबसाठी. काही पेशंटना रास्ब्युरिकेज नावाचं औषध देतात. ते औषध म्हणजे युरिकेजच. बल्बमध्ये ते रक्तासोबत आलेलं असतं, आणि सॅम्पल टेबलावर पडून असतानाही युरिक ॲसिड फोडत राहतं. म्हणून हे सॅम्पल आधीच गार केलेल्या हेपरिन बल्बमध्ये, बर्फात ठेवून यायला हवं. ते थंड सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून चार तासांच्या आत लावायचं. प्लेन बल्बमध्ये अर्धा तास गोठू दिलेल्या सॅम्पलचा आकडा इथे निरुपयोगी आहे.

आता भागाकार

युरिया आणि क्रिएटिनिन दोन्ही किडनीच्या गाळणीतून खाली पडतात. पुढे मात्र दोघांची वाट वेगळी होते. क्रिएटिनिन नलिकेतून परत रक्तात जात नाही, उलट थोडं वरून मिसळलं जातं. युरिया पाण्याच्या मागोमाग परत आत शिरतो. शरीर सुकलं, की किडनी पाणी राखायला लागते. जितकं जास्त पाणी परत ओढलं जाईल, तितका जास्त युरियाही परत येतो. म्हणून रक्तात युरिया भराभर चढतो आणि क्रिएटिनिन मागे राहतं. रेशो वाढतो तो या अंतरामुळे. किडनीच्या पेशीच मार खाल्लेल्या असतील तर नलिका पाणी आणि युरिया नीट परत ओढू शकत नाहीत, दोन्ही आकडे बरोबरीने चढतात, आणि रेशो वाढत नाही किंवा उतरतो.

आता तो वीस. बीयूएन म्हणजे युरियातल्या फक्त नायट्रोजनचं वजन. युरियाच्या ६० भागांत नायट्रोजनचे २८ भाग, म्हणून युरियाला २.१४ ने भागलं की बीयूएन मिळतो. परदेशी पुस्तकं आणि इंटरनेटवरची बहुतेक माहिती बीयूएनमध्ये बोलते: दहा ते वीस नेहमीचा, वीसच्या वर वाढलेला. तोच पट्टा युरियात मांडला तर साधारण वीस ते चाळीस होतो. म्हणजे युरिया ३० आणि क्रिएटिनिन १.० असलेल्या धडधाकट माणसाचा रेशो ३० येतो, आणि पुस्तकातला वीस डोक्यात ठेवून बघणारा त्याला आजारी ठरवून मोकळा होतो. युरोपातल्या काही लिखाणात रेशो चाळीस ते शंभर असाही दिसतो. तिथे एकक वेगळं असतं, युरिया मिलिमोलमध्ये आणि क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये मोजून मग हजारने गुणलेलं.

म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे. रिपोर्टवर रेशो छापायचाच असेल तर त्याच्या पुढे तो कशाचा ते छापा. कुणी फोनवर विचारलं, "रेशो किती आला हो?" तर नुसता आकडा सांगू नका. "युरियाचा एकोणसाठ, बीयूएनचा अठ्ठावीस," असं दोन्ही सांगा. डॉक्टरांच्या डोक्यात कुठला पट्टा आहे, ते आपल्याला माहीत नसतं.

```
युरिया रेशो  : ९५ ÷ १.६ = ५९
बीयूएन       : ९५ ÷ २.१४ = ४४.४
बीयूएन रेशो  : ४४.४ ÷ १.६ = २८
```

अठ्ठावीस वाढलेला आहे, आणि पेशंटच्या गोष्टीशी जुळतो. जुलाब, उन्हाळा, लघवी वाढवणारी गोळी. शरीरात पाणी कमी पडल्यामुळे किडनीला रक्त कमी पोहोचतंय, हे पहिलं अनुमान. निदान डॉक्टरांनी करायचं, पण आपला आकडा गोष्टीशी जुळतोय का हे बघणं हे आपलंच काम.

आता तोच पेशंट, पण युरिया फ्लोराइड बल्बमधून लावलेला. समजा तो ९५ ऐवजी ६१ आला. क्रिएटिनिनच्या जाफे पद्धतीत एन्झाइम नसतं, त्यामुळे तिथे फ्लोराइडची तशी अडचण येत नाही आणि ते १.६ च राहिलं. युरियाचा रेशो ३८, बीयूएनचा १८. दोन्ही नेहमीच्या पट्ट्यात! युरिया आणि क्रिएटिनिन दोन्ही वाढलेत, रेशो मात्र सरळ. वाचणारा म्हणेल, किडनीच बिघडलेली दिसते. कोरडा पडलेला माणूस आणि बिघडलेली किडनी यांची उपचारांची दिशा वेगळी असते, आणि इथे फरक होता फक्त झाकणाच्या रंगाचा. कुठला कंट्रोल हे पकडत नाही, कारण कंट्रोल सीरम फ्लोराइड बल्बमधून येत नाही.

आकडे खरे असूनही रेशो दिशाभूल करतो अशा जागा आहेत, आणि त्या वरच्या आकड्याइतक्याच खालच्या आकड्यातही असतात. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. अंथरुणाला खिळलेल्या, हाडं वर आलेल्या आजीबाईंचं क्रिएटिनिन ०.४ असतं. त्यांचा युरिया ३० असला तरी युरियाचा रेशो ७५ येतो, आणि त्यात पाणी कमी असल्याचा काही पुरावा नसतो. अशा वेळी रेशो सोडून मूळ आकडे बघा, दोन्ही नेहमीच्या मर्यादेत किंवा खाली आहेत. याउलट भर उन्हात राबून स्नायू फुटलेल्या ऊसतोड मजुराच्या रक्तात क्रिएटिनिन जास्त येतं, आणि तो सुकलेला असूनही रेशो चढत नाही.

जठरातून किंवा आतड्याच्या वरच्या भागातून रक्तस्राव होत असेल तर ते रक्त पचतं, त्यातल्या प्रथिनांचा युरिया बनतो, आणि क्रिएटिनिन नेहमीइतकं असतानाही युरिया उसळतो. काळी शौच होतेय का, हा प्रश्न इथे रेशोपेक्षा जास्त सांगतो. स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही युरिया वाढतो. लिव्हर खराब असेल किंवा माणूस धड जेवतच नसेल तर युरिया बनतच नाही, म्हणून सुकलेल्या पेशंटचाही रेशो खालीच राहतो. नुकतं डायलिसिस झालेल्याचा रेशो काढूच नका. मशीन युरिया जास्त वेगाने काढतं, त्यामुळे तो रेशो पेशंटच्या किडनीबद्दल काही सांगत नाही.

जाफेबद्दल एक सावधगिरी. शुगर फार वाढून कीटोन झालेल्या पेशंटमध्ये जाफेचं क्रिएटिनिन खोटं वाढतं. हा माणूस हमखास सुकलेला असतो, त्याचा युरियाही चढलेला असतो, पण भाजक खोटा मोठा झाल्यामुळे रेशो सरळ दिसतो. लघवीत कीटोन आले असतील तर तसं रिपोर्टवर कळवा, आणि जमत असेल तर एन्झाइमवर चालणाऱ्या पद्धतीने क्रिएटिनिन पुन्हा लावून घ्या.

९.१ चं काय करायचं

पेशंटच्या मुलाने रिपोर्ट बघितला आणि काउंटरवर विचारलं, "दादा, युरिक ॲसिड वाढलंय म्हणजे वडलांना गाऊट झालाय का? मटण बंद करायचं का?" कोल्हापुरात हा प्रश्न येणारच, तांबडा-पांढरा बंद होण्याची भीती इथे किडनीपेक्षा मोठी असते. उत्तर डॉक्टरांकडे पाठवा, पण कारण आपल्याला माहीत असावं. पाणी कमी पडलं की किडनी जसा युरिया परत ओढते, तसं युरिक ॲसिडही परत ओढते. थायझाइडची गोळीही हेच करते. म्हणजे याच माणसात युरिक ॲसिड वाढायला दोन कारणं तयार होती, मटणाचा त्यात हात असलाच तर थोडा. शरीराच्या तापमानाला साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर युरेटचे स्फटिक बनू शकतात, पण बनतीलच असं नाही. आणि अंगठा सुजून ठणकत असताना, ऐन गाऊटच्या झटक्यात, युरिक ॲसिड नेहमीच्या मर्यादेत मिळू शकतं. गाऊटचं निदान या एका आकड्यावर होत नाही, ना वाढलेल्या, ना सरळ.

सलाइन लागलं, जुलाब थांबले, डॉक्टरांनी गोळी बदलली. दुसऱ्या दिवशी युरिया ५२, क्रिएटिनिन १.१. युरियाचा रेशो ४७, बीयूएनचा २२, अजून जरा वर. चौथ्या दिवशी युरिया ३०, क्रिएटिनिन ०.९, रेशो ३३ आणि १६. युरिक ॲसिड ६.४. क्रिएटिनिन मुळात ०.९ होतं, म्हणजे १.६ हा त्याचा तात्पुरता चढलेला आकडा होता, हेही आता कळलं. एका दिवसाच्या रेशोने जे सुचवलं होतं, त्याला पक्कं केलं ते या उतरत्या आकड्यांनी. म्हणून असा पेशंट पुन्हा आला, की जुना रिपोर्ट काढून नव्या आकड्यांशेजारी ठेवा, आणि तिन्ही वेळा प्लेन बल्बच वापरलाय का ते रजिस्टरमध्ये बघून घ्या.